दोन इमारतींमधल्या कॅमेऱ्यांसाठी बाहेरची नेटवर्क केबल: निवडीपासून चाचणीपर्यंत

घराच्या किंवा कार्यालयाच्या आत कॅमेऱ्याची केबल ओढणे आणि तीच केबल अंगणातून पलीकडच्या इमारतीपर्यंत नेणे, ही दोन कामे दिसायला सारखी असली तरी त्यांचे स्वरूप अगदी वेगळे आहे. बाहेर पडलेल्या केबलला ऊन, पाणी आणि दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक, अशा तीन निराळ्या गोष्टींना तोंड द्यावे लागते, आणि यांतील एकीचा बंदोबस्त केला म्हणून दुसरीचा आपोआप होत नाही. बाजारात केवळ ‘आउटडोअर’ म्हणून मिळणारी केबल उन्हात टिकेल, पण मातीत पुरली तर वर्षभरात पाणी पिऊ शकेल. आणि मातीत दहा वर्षे टिकणारी केबलही शेजारी वीज कोसळल्यावर रेकॉर्डर जळण्यापासून वाचवणार नाही.

समजण्यास सोपे जावे म्हणून हा लेख एकाच उदाहरणावर बेतला आहे. मुख्य इमारतीत रेकॉर्डर आणि पीओई स्विच आहे, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा स्विच. पलीकडे एक गोदाम असून त्याच्या भिंतीवर दोन कॅमेरे बसवायचे आहेत. स्विचपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत ८ मीटर, भिंतीवरून जमिनीपर्यंत ६ मीटर, जमिनीखालून ४८ मीटर आणि गोदामाच्या भिंतीवर ५ मीटर, असा एकूण ६७ मीटरचा मार्ग आहे.

पहिली पायरी: तांबे की फायबर, हे आधी ठरवा

केबल विकत घेण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर इलेक्ट्रिशियनकडून मिळवावे: गोदामाची वीज मुख्य इमारतीच्याच बोर्डावरून, अर्थिंगच्या तारेसह गेली आहे का, की गोदामाला स्वतंत्र मीटर आणि स्वतंत्र अर्थिंग आहे?

हा प्रश्न का महत्त्वाचा आहे, ते एका साध्या गुणाकारातून दिसते. मुख्य इमारतीच्या अर्थिंगचा रोध ५ ओहम आहे आणि वीज कोसळून त्यातून १० हजार अँपिअर प्रवाह जमिनीत गेला, असे धरू. त्या क्षणी त्या इमारतीची सगळी अर्थिंग दूरच्या जमिनीच्या तुलनेत ५० हजार व्होल्टवर जाते. गोदामाची अर्थिंग वेगळी असेल, तर ते मात्र जवळजवळ शून्यावरच राहते. या दोहोंना जोडणारी तांब्याची नेटवर्क केबल म्हणजे त्या फरकाला मिळालेला आयता पूल होय. इथरनेटच्या पोर्टमध्ये विलगीकरणासाठी छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि मानकानुसार त्यांनी १५०० व्होल्ट एसी एक मिनिट सहन करायचे असते. ५० हजारांपुढे ते टिकणार नाही हे उघड आहे.

म्हणून दोन्ही इमारतींची अर्थिंग वेगळी असेल, अंतर ९० मीटरच्या पुढे जात असेल किंवा परिसर उघड्या माळावर असून विजा वारंवार पडत असतील, तर माझे मत स्पष्ट आहे: मधल्या टप्प्यात फायबरच टाकावी. आत धातूचा एकही धागा नसलेली फायबर विजेसाठी पूल बनतच नाही. अशा वेळी गोदामात छोटा पीओई स्विच ठेवून त्याला गोदामाचीच वीज द्यावी, आणि स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंतची तांब्याची केबल त्याच इमारतीत राहू द्यावी. उंदरांपासून बचाव व्हावा म्हणून पोलादी पट्टी गुंडाळलेली फायबरही मिळते. परंतु ती पट्टी धातूची असल्यामुळे टाळलेला पूल मागच्या दाराने परत येतो, हे लक्षात ठेवावे.

आपल्या उदाहरणात गोदामाची वीज मुख्य बोर्डावरून अर्थिंगच्या तारेसह गेलेली आहे आणि अंतर ६७ मीटर आहे. इथे तांब्याची केबल चालेल, मात्र पुढे सांगितलेल्या सर्ज संरक्षणाच्या, म्हणजे तारांमध्ये अचानक येणाऱ्या विजेच्या उसळीपासून बचावाच्या, अटीवर.

दुसरी पायरी: आवरण वाचायला शिका

घरात वापरतात त्या केबलचे आवरण पीव्हीसीचे असते. ते आगीला लवकर दाद देत नाही, म्हणून आत चांगले. पण सूर्याच्या अतिनील किरणांनी त्यातला लवचीकपणा जातो. आधी त्यावर खडूसारखी पांढुरकी भुकटी दिसू लागते, मग ते कडक होते आणि वळणाच्या जागी त्याला आडव्या भेगा पडतात. भेगेतून गेलेले पाणी तिथेच थांबत नाही, तर केशिकेसारखे तारांच्या फटींतून सरकत थेट कॅमेऱ्याच्या प्लगपर्यंत पोहोचते.

बाहेरच्या केबलचे आवरण पॉलिथिलीनचे असते आणि ते काळेच का असते, यामागे कारण आहे. त्यात वजनाच्या साधारण २ ते अडीच टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिशय बारीक काजळी, मिसळलेली असते. ही काजळी अतिनील किरण शोषून घेते आणि पॉलिथिलीनपर्यंत पोहोचू देत नाही. मात्र केबल काळी आहे एवढ्यावरून ती बाहेरची ठरत नाही. काळे पीव्हीसीही सर्रास मिळते. आवरणावर दर मीटरला छापलेला मजकूर वाचावा आणि त्यात अतिनील प्रतिरोधक असल्याचा स्पष्ट उल्लेख शोधावा. पॉलिथिलीनचा पृष्ठभाग मेणासारखा गुळगुळीत लागतो आणि आवरण पीव्हीसीपेक्षा ताठ असते. दोन-चार तुकडे हाताळले की बोटांना फरक कळू लागतो.

पॉलिथिलीनमध्ये एक दोषही आहे: ते पेटते. म्हणूनच इमारतीत शिरल्यावर ही केबल लांबवर नेऊ नये; किती मीटरपर्यंत नेता येते हे ठिकठिकाणच्या नियमांवर अवलंबून असते. आत शिरताच ती एका पेटीत संपवावी आणि तिथून पुढे घरातली आगप्रतिरोधक केबल न्यावी. ही प्रवेशपेटी या सगळ्या कामाचा कणा आहे. तिचा उल्लेख पुढे पुन्हा पुन्हा येईल.

तिसरी पायरी: पुरण्यासाठीची केबल वेगळी असते

उन्हात टिकणारी केबल थेट मातीत पुरता येते, हा नवख्यांचा सर्वांत सामान्य गैरसमज आहे. मातीत केबल महिनोन्महिने ओलाव्यात राहते, तिच्यावर दगडांचा दाब असतो आणि फावड्याचा घावही बसू शकतो. थेट पुरण्याच्या केबलमध्ये म्हणून आवरण जाड असते आणि आतली पोकळी दोनपैकी एका रीतीने भरलेली असते. एका प्रकारात तारांभोवती चिकट जेल असते. आवरणाला छिद्र पडले तरी पाण्याला आत पुढे सरकायला जागाच उरत नाही. दुसऱ्या प्रकारात पाणी लागताच फुगणारी कोरडी फीत किंवा धागा असतो आणि तो छिद्राजवळच बूच बसवतो.

दोहोंतून निवड करताना माझा कल कोरड्या फितीच्या केबलकडे असतो. जेलची केबल पुरलेल्या आडव्या टप्प्यात उत्तम, पण भिंतीवर उभी चढवली की उन्हाच्या तापाने जेल पातळ होऊन खालच्या टोकातून ओघळते, आणि प्लग बसवताना हात, हत्यारे व पिना सगळे चिकट होते. जेलच घेतले असेल तर प्रत्येक तार आधी कोरड्या कापडाने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, आणि तिच्यावर प्लग न बसवता ती प्रवेशपेटीतल्या जॅकमध्ये संपवावी.

आता पाइपविषयी. पाइप टाकला म्हणजे आतली केबल कोरडी राहील, असे मलाही सुरुवातीला वाटत होते. एका कामात मी सांधे सोल्युशनने नीट चिकटवलेल्या पाइपातून साधी घरातली केबल ओढली. पुढच्या वर्षी कॅमेरा रात्री अधूनमधून बंद पडू लागला, आणि केबल उपसली तेव्हा तिच्यासोबत लोटाभर पाणी बाहेर आले. कोठेही गळती नव्हती. दिवसा पाइपात शिरलेली दमट हवा रात्री गार होते, तिचे दव बनते आणि सर्वांत खोल जागी साचत राहते. तेव्हापासून नियम एकच: जमिनीखालच्या पाइपातली केबलही ओल्या जागेसाठीचीच हवी. पाइपाचा खरा उपयोग उंदीर-घुशी आणि फावड्यापासून बचाव करण्याचा आणि उद्या केबल बदलावी लागली तर पुन्हा खणावे लागू नये, एवढाच आहे. तो उपयोग मोठा आहे, म्हणून आपल्या गोदामासाठी पुरण्याची केबल आणि पाइप, दोन्ही घेऊ.

तारा शुद्ध तांब्याच्याच हव्यात. ‘सीसीए’ असे लिहिलेली केबल म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. आपल्या ६७ मीटरसाठी हिशोब करून पाहू. २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध १०० मीटरला जास्तीत जास्त ९.४ ओहम धरतात. पीओईमध्ये वीज दोन तारांवरून जाते आणि दोन तारांवरून परत येते. समांतर जोडीमुळे प्रत्येक दिशेचा रोध निम्मा होतो, आणि जाण्या-येण्याचा मिळून पुन्हा १०० मीटरला ९.४ ओहमच भरतो. ६७ मीटरला तो ६.३ ओहम झाला. रात्री इन्फ्रारेड दिवे लागल्यावर कॅमेरा ११ वॉट घेतो असे मानले तर ४८ व्होल्टवर साधारण ०.२४ अँपिअर प्रवाह वाहतो आणि वाटेत दीड व्होल्ट पडतो. ही घट किरकोळ आहे. सीसीए केबलमध्येही ती अडीच व्होल्टच्या आतच राहील, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळे सुरळीत चालते आणि फसगत लक्षात येत नाही. खरी अडचण टोकांना येते: ॲल्युमिनियम ओलाव्यात झपाट्याने गंजते, वाकवले की तुटते आणि जॅकच्या पात्यांमध्ये दाबून बसवलेली तार काही काळाने सैल पडते.

याच आकड्यांवरून आणखी एक गोष्ट कळते. काही जण ॲडॉप्टरचे १२ व्होल्ट थेट याच केबलमधून पाठवतात. ६.३ ओहमच्या वाटेने १२ व्होल्टवर कॅमेऱ्याला जास्तीत जास्त ५.७ वॉट मिळू शकतात, मग ॲडॉप्टर कितीही मोठा असो. दिवसा ५ वॉटवर कसाबसा चालणारा कॅमेरा अंधार पडताच दिवे लावतो, व्होल्टेज कोसळते, कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा दिवे लावतो. संध्याकाळ झाली की दर मिनिटाला रीस्टार्ट होणारा कॅमेरा दिसला, तर आधी हीच शंका घ्यावी.

चौथी पायरी: चर, पाइप आणि केबल ओढणे

खणण्यापूर्वी त्या मार्गात पाण्याची, विजेची किंवा गॅसची वाहिनी नाही ना, याची खात्री करून घ्यावी. पायवाट किंवा बाग असेल तर ४५ ते ६० सेंटिमीटर खोली सर्वसाधारणपणे पुरते. वाहने जातात त्या जागी अधिक खोल जावे आणि जाड पाइप घ्यावा. विजेच्या केबलचा चर समांतर असेल, तर निदान ३० सेंटिमीटर अंतर राखावे, आणि ओलांडावी लागलीच तर काटकोनात ओलांडावी. मुख्य वीजपुरवठ्याची तार आणि नेटवर्क केबल एकाच पाइपात कधीही घालू नये. चराच्या तळाशी चाळलेली माती किंवा वाळू अंथरावी, पाइप ठेवून पुन्हा तीच माती भरावी, आणि जमिनीखाली २० ते ३० सेंटिमीटरवर धोक्याची रंगीत फीत अंथरून मग चर बुजवावा, म्हणजे पुढे कोणी खणले तर पाइपाआधी फीत लागेल.

आपल्याला दोन कॅमेऱ्यांसाठी दोन केबल हव्यात. तिसरी राखीव म्हणून आताच टाकावी. साडेसात मिलिमीटर जाडीच्या तीन केबल २५ मिलिमीटर आतील व्यासाच्या पाइपाचा सुमारे २७ टक्के भाग व्यापतात. ४० टक्क्यांच्या वर पाइप भरू नये, या नेहमीच्या संकेतात हे सहज बसते. पाइपात नायलॉनची दोरीही सोडून ठेवावी.

ओढताना जोर बेताने लावावा. चार जोड्यांच्या केबलला ११० न्यूटनपेक्षा अधिक ताण देऊ नये, म्हणजे सुमारे ११ किलो वजन लटकवल्याएवढा. आवेशाने दिलेला हिसका त्याच्या पुढे सहज जातो. जास्त ताणाने तार तुटत नाही, पण जोड्यांचे पीळ सुटतात आणि केबल बाहेरून धडधाकट दिसूनही चाचणीत नापास होते. केबल ओढता यावी म्हणून पाइपाच्या वाटेत ठेवतात त्या दोन ओढपेट्यांच्या मध्ये दोनपेक्षा अधिक काटकोन ठेवू नयेत आणि केबलच्या जाडीच्या चौपटीहून लहान त्रिज्येत ती वाकवू नये. साडेसात मिलिमीटरच्या केबलसाठी ही त्रिज्या ३० मिलिमीटर होते.

भिंतीत शिरण्याचे छिद्र बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे. त्याआधी केबलला खाली झोळ देऊन मग वर घ्यावी, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळत आत न येता झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. केबल ओढून झाल्यावर पाइपाची दोन्ही तोंडे बुजवावीत, नाहीतर दमट हवा आणि किडे त्याच वाटेने घरात येतात. उन्हातल्या टप्प्यात बांधायच्या पट्ट्याही काळ्या आणि अतिनील प्रतिरोधक असाव्यात; पांढऱ्या पट्ट्या एका उन्हाळ्यात तुटून पडतात.

पाचवी पायरी: सर्ज संरक्षण

सर्ज प्रोटेक्टर विजेच्या थेट आघातापासून वाचवत नाही, हे आधी मान्य करावे. त्याचा उपयोग जवळपास कोसळलेल्या विजेने केबलमध्ये प्रेरित होणाऱ्या उसळीसाठी आहे, आणि असे प्रसंग थेट आघाताहून कितीतरी अधिक येतात. त्याच्या आत सहसा दोन टप्पे असतात. पहिली वायूने भरलेली नळी, जी विशिष्ट व्होल्टेजला पेटते आणि मोठा प्रवाह अर्थिंगकडे वळवते. दुसरे वेगवान डायोड, जे नळी पेटेपर्यंतच्या क्षणांश वेळात उरलेली उसळी छाटतात. विकत घेताना तो पीओईसाठीचा आहे, हे तपासावे. पीओईचे व्होल्टेज ५७ पर्यंत जाऊ शकते. साध्या डेटालाइनचा प्रोटेक्टर त्यालाच उसळी समजून वीज अडवू शकतो. शिवाय आठही तारांना संरक्षण हवे, कारण वीज १-२ व ३-६ या जोड्यांवरून जाईल की ४-५ व ७-८ वरून, हे स्विचवर अवलंबून असते.

प्रत्येक केबलला दोन प्रोटेक्टर लागतात: एक मुख्य इमारतीच्या प्रवेशपेटीत आणि दुसरा गोदामाच्या भिंतीवर, कॅमेऱ्याजवळच्या पेटीत. एकच लावला तर दुसऱ्या टोकाचे उपकरण उघडे राहते. राखीव केबलची टोकेही मोकळी सोडून चालणार नाही. तीही पेटीत प्रोटेक्टरवर संपवावी, कारण वापरात नसलेली तारसुद्धा उसळ आत आणते.

प्रोटेक्टरचे काम त्याच्या अर्थिंगच्या तारेवर ठरते, आणि हाच भाग सर्वांत बेफिकिरीने केला जातो. सरळ तारेला दर मीटरमागे सुमारे एक मायक्रोहेन्री प्रेरकत्व, म्हणजे प्रवाहाच्या झटपट बदलाला होणारा विरोध, असते. ३ हजार अँपिअरची उसळ ८ मायक्रोसेकंदांत शिखर गाठते असे धरले, तर त्या तारेच्या प्रत्येक मीटरवर साधारण ३७५ व्होल्ट उभे राहतात. अर्ध्या मीटरच्या तारेवर ते १९० च्या आसपास असतील. पण भिंतीवरून वळणे घेत चार मीटर गेलेल्या तारेवर ते १५०० होतील, आणि प्रोटेक्टर कितीही महाग असला तरी हे १५०० व्होल्ट त्याच्या व्होल्टेजमध्ये मिळवून उपकरणाला सोसावे लागतील. तार जाड घेतल्याने यात फारसा फरक पडत नाही; ती आखूड आणि सरळ असणे महत्त्वाचे. म्हणून प्रवेशपेटीची जागा केबलच्या सोयीने न ठरवता अर्थिंगच्या पट्टीजवळ ठरवावी, त्यासाठी नेटवर्क केबल दोन मीटर वाढली तरी हरकत नाही.

इथेच आणखी एक चूक घडते. अर्थिंगची पट्टी दूर आहे म्हणून काही जण प्रोटेक्टरसाठी जमिनीत स्वतंत्र सळई ठोकतात आणि ती इमारतीच्या अर्थिंगला जोडत नाहीत. असे केल्याने एकाच इमारतीत दोन वेगळ्या जमिनी तयार होतात. उसळ आली की सळई एका व्होल्टेजवर आणि स्विचच्या वीजपुरवठ्याची अर्थिंग दुसऱ्या व्होल्टेजवर असते. तो फरक स्विचमधूनच मिटवला जातो आणि जे वाचवायचे तेच जळते. सळई ठोकायचीच असेल तर ती इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडली गेलीच पाहिजे. गोदामाच्या बाजूचा प्रोटेक्टर गोदामातल्या बोर्डाच्या अर्थिंगला जोडावा. बोर्ड उघडण्याचे हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

केबलवर धातूचे कवच असावे का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. या उदाहरणात मी बिनकवचाचीच केबल घेईन. कवच दोन्ही इमारतींत अर्थिंगला जोडले, तर दोहोंच्या व्होल्टेजमधल्या लहानशा फरकानेही त्यातून सतत प्रवाह वाहत राहतो. एकाच टोकाला जोडले तर हा प्रवाह थांबतो. पण धातूच्या प्लगचा कॅमेरा लोखंडी ब्रॅकेटवर बसला की दुसरे टोक नकळत जोडले जाते. विजेच्या मोठ्या केबलशेजारून जावेच लागले तर कवचाची केबल घ्यावी, ते मुख्य इमारतीच्या टोकाला जोडावे आणि गोदामाच्या टोकाला प्लास्टिकचा प्लग वापरून ते अलग ठेवावे.

सहावी पायरी: चर बुजवण्यापूर्वीची आणि नंतरची चाचणी

केबल ओढून झाली की चर बुजवण्याआधी केबल टेस्टरने आठही तारांची सलगता आणि क्रम तपासावा. त्यानंतर प्रोटेक्टर मध्ये घेऊन प्रत्यक्ष जोडणी करावी. बहुतेक कॅमेऱ्यांचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असते आणि ते फक्त १-२ व ३-६ या दोन जोड्यांवर बोलते. त्यामुळे कॅमेरा चालू झाला म्हणजे चारही जोड्या ठीक आहेत, असा अर्थ होत नाही. खरी परीक्षा लॅपटॉपने घ्यावी. गोदामाच्या टोकाला गिगाबिट पोर्टचा लिनक्स लॅपटॉप जोडून पुढील आज्ञा द्याव्यात. `eth0` च्या जागी आपल्या पोर्टचे नाव आणि शेवटी स्विचपलीकडच्या रेकॉर्डरचा पत्ता लिहावा.

```
ethtool eth0 | grep Speed
ping -c 500 -s 1400 192.168.1.10
ethtool -S eth0 | grep -i crc
```

पहिल्या आज्ञेने `1000Mb/s` दाखवले पाहिजे. दोन्ही पोर्ट गिगाबिटचे असूनही तिथे `100Mb/s` आले, तर चारपैकी एखादी जोडी सैल किंवा तुटलेली आहे. बहुधा दोष जॅकमध्येच असतो. दुसऱ्या आज्ञेत एकही पॅकेट हरवू नये. तिसऱ्या आज्ञेत काही लॅपटॉपांवर ओळच येत नाही, अशा वेळी स्विचच्या पानावर त्या पोर्टचा सीआरसी त्रुटींचा, म्हणजे वाटेत बिघडून पोहोचलेल्या पॅकेटांचा, आकडा पाहावा. तो शून्य असावा आणि शून्यच राहावा. प्रोटेक्टर काढून आकडा स्थिर राहत असेल आणि लावल्यावर वाढत असेल, तर तो प्रोटेक्टर गिगाबिटसाठी बनलेला नाही असे समजावे.

या दिवशीचे आकडे पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवावेत, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांनी तीच चाचणी पुन्हा करावी. केबलमध्ये पाणी शिरले असेल तर पाण्यामुळे जोड्यांमधली धारिता वाढते. कॅमेरा चालूच राहतो, पण सीआरसीचा आकडा हळूहळू चढू लागतो आणि ऊन पडले की पुन्हा थांबतो. पावसाशी असा ताल धरणारी त्रुटी दिसली तर आधी कॅमेऱ्याचा प्लग उघडून पाहावा. पीओईचा एकदिश प्रवाह ओलाव्यात पिनांवरचे धातू खातो आणि वीज वाहणाऱ्या पिनांवर हिरवट थर चढतो. थर काही पिनांवरच असेल तर ओलावा प्लगमध्येच शिरला आहे. प्लग कापून, नवा बसवून आणि रबरी टोपण नीट आवळून काम भागते. पण केबलवरचे आवरण दोन-तीन सेंटिमीटर मागे सोलल्यावर आतूनही ओल हाताला लागली, तर वाटेत कोठेतरी आवरण फुटले आहे, आणि अशा वेळी त्या केबलची डागडुजी करत न बसता दोन्ही पेट्यांमध्ये राखीव केबलवर जोडणी हलवावी आणि खराब झालेली केबल, तिच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधून, पाइपातून उपसून घ्यावी.